खालून काढलेल्या उभ्या फोटोत पाय लांब अन् डोकं लहान: दाराच्या चौकटीवरून दुरुस्ती

कपाशीची पऱ्हाटी उपटून झाली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात लग्नाच्या बायोडाट्याचा हंगाम सुरू होतो, आणि माझ्या फोटोच्या दुकानात एकच तक्रार वेगवेगळ्या घरांतून येत राहते. यंदाचा पहिला फोटो घेऊन एक काकाजी आले. मोबाइल काउंटरवर ठेवला अन् म्हणाले, "भाऊ, पोराचा फोटो असा काहून आला जी? पाय पाहा ना, बांबूवानी. अन् डोकं लिंबाएवढं."

पाहिलं तर खरंच तसं होतं. पोरगा घराच्या ओट्यावर, दारासमोर उभा. पँट-शर्ट इस्त्रीचा, बूट पुसलेले. पण बूट पुढे आल्यासारखे मोठे, कमरेखालचा भाग निम्म्याहून जास्त, खांदे अरुंद, आणि माथा थेट चौकटीच्या वरच्या लाकडाला टेकलेला. चौकट सव्वासहा फुटांची आणि पोरगा साडेपाच फुटांनाही इंचभर कमी. म्हणजे फोटोत तो जवळजवळ दाराएवढा झाला होता.

"कोनं काढला?"

"लहान्यानं. चौथीत हाय."

इथेच अर्धं निदान झालं. ओटा दोन फूट उंच, चौथीतल्या पोराच्या हातातला फोन अंगणापासून सव्वातीन-साडेतीन फुटांवर. म्हणजे मोठ्या भावाच्या पायांच्या पातळीपासून फोन जेमतेम सव्वा फूट वर, गुडघ्याच्याही खाली. मागे सरकायला जागा नव्हती, कारण अंगणात पऱ्हाटीचा ढीग. पाचेक फुटांवरूनच काढला. असा फोटो शहरातल्या फ्लॅटमध्ये क्वचित निघतो. आपल्याकडे उभं राहायची जागाच ओट्यावर किंवा पायऱ्यांवर आणि फोटो काढणारा अंगणात, म्हणून पुन्हा पुन्हा निघतो.

दोष उंचीचा नाही, कलण्याचा

लोकांना वाटतं, फोन खाली होता म्हणून पाय मोठे आले. अर्धंच खरं आहे. फोन कितीही खाली धरा, तो भिंतीसारखा सरळ उभा असेल तर समोर ताठ उभ्या माणसाच्या पायांचं आणि धडाचं प्रमाण बरोबरच येतं. बिघडतं ते फोनचं डोकं आपल्याकडे मागे कललं की.

रात्री बॅटरी भिंतीवर सरळ मारून पाहा, उजेडाचा गोल पडतो. तीच बॅटरी खालून वर तिरपी मारा, गोल वरच्या बाजूला ताणला जाऊन अंड्यासारखा होतो. कॅमेऱ्यात याच्या उलट घडतं. तिरप्या नजरेतून भिंतीचा वरचा भाग फोटोत आखडतो आणि खालचा फुगतो. पायांपासून माथ्यापर्यंत हे हळूहळू वाढत जातं, म्हणून डोळ्याला एका जागी बोट ठेवता येत नाही, नुसतं "काहीतरी चुकलं" असं वाटतं.

मग लहान्यानं फोन सरळ का नाही धरला? धरला असता तर थोरल्याचा फक्त गळ्यापर्यंतचा भाग मावला असता. पाच फुटांवरून, इतक्या खालून, फोनच्या नेहमीच्या भिंगात त्याच्या वरचं येतच नाही. डोकं कापलं जातंय म्हणून त्यानं फोन वर कलवला, साधारण १८ अंश. चूक जवळ उभं राहण्याची, आणि कलणं हा तिचा परिणाम.

हे आकड्यात सांगतो, कारण पुढे तेच आकडे दुरुस्ती जमली की नाही ते सांगणार आहेत. पोराची उंची ६५ इंच. जांघेपासून तळव्यापर्यंत ३१ इंच, म्हणजे पाय उंचीच्या ४८ टक्के. फोटोत माथ्यापासून बुटापर्यंत मोजलं तर सुमारे ३०३० पिक्सेल, आणि त्यात पाय १६९० पिक्सेल, म्हणजे ५६ टक्के. डोकं हनुवटीपासून माथ्यापर्यंत खरं तर उंचीच्या १३ टक्के असायला हवं, ते आलं १० टक्के. शिवाय पावलांजवळची रुंदी माथ्याजवळच्या रुंदीपेक्षा जवळपास १.४ पट फुगलेली. नुसते पाय लांब नाहीत, रुंदही आहेत, आणि डोकं नुसतं बुटकं नाही, बारीकही आहे.

आधी ओळखा, मग हात लावा

फोटोत माणसाकडे पाहू नका, त्याच्या मागे पाहा. दाराच्या चौकटीचे दोन उभे लाकूड, खिडकीचे गज, ओट्याचा खांब, विजेचा पोल, जे काही खरोखर सरळ उभं असेल ते. हे उभे वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकत असतील तर दोष कलण्याचा आहे आणि खालची दुरुस्ती लागू पडेल. काकाजींच्या फोटोत चौकट खाली १५२५ पिक्सेल रुंद आणि वर १११३. शंकेला जागाच नव्हती.

चौकट वर-खाली सारखीच रुंद असेल आणि तरी एक पाय मोठा दिसत असेल तर ते प्रकरण वेगळं. बहुतेक वेळा त्या माणसानं स्टाइल म्हणून एक पाय पुढे टाकलेला असतो. पाच फुटांवर उभ्या माणसाचा बूट एक फूट पुढे आला तर तो सव्वापट मोठा दिसतो. ते नुसतं जवळ असण्यामुळे आहे, फोटो सरळ करून जात नाही. अशा फोटोवर ही दुरुस्ती केली तर धड खराब होईल आणि बूट तसाच राहील.

मी आधी करायचो ती चूक

दुकान टाकलं तेव्हा पहिली एक-दोन वर्षं मी असे फोटो कमरेपासून खाली निवडून उभे दाबायचो. पाय लांब आहेत ना, करा आखूड. लांबी बरोबर व्हायची, पण रुंदी तशीच फुगलेली राहायची, म्हणून पोरगा एकदम जाड पायाचा दिसायचा. वर कमरेशी दाराच्या चौकटीत खोच पडायची. एकदा एका ताईंच्या फोटोत साडीचा काठ पोटऱ्यांवर दुप्पट दाट झाला आणि त्यांच्या भावजयीनं तो काउंटरवरच ओळखला. मी पैसे घेतले नाहीत, आणि त्या दिवसापासून माणसाला हात लावणं सोडलं. दुरुस्ती पूर्ण फोटोची करायची, माणूस त्यात आपोआप सरळ होतो.

दुसरा शॉर्टकट म्हणजे अख्खा फोटो आडवा ताणायचा किंवा उभा दाबायचा. त्यानं पाय आणि डोकं सारख्याच प्रमाणात बदलतात, म्हणून ५६ टक्के होते ते ५६ टक्केच राहतात. करून पाहिलं तर दोन मिनिटं बरं वाटतं, एवढंच.

चौकटीचं माप मागवा

ही युक्ती मला फार उशिरा सुचली आणि आता मी तिच्याशिवाय काम सुरू करत नाही. चौकटीच्या उभ्या कडा समांतर केल्या की फोटो अर्धा दुरुस्त होतो. पण उभ्याचं आडव्याशी प्रमाण तरीही सैल राहतं. डोळ्यानं ठरवायला गेलं तर माणूस बुटका तरी होतो नाही तर लंबू तरी. दाराचं खरं माप माहीत असेल तर अंदाजाची गरजच उरत नाही. आणि माणूस दाराला समांतर, छाती पुढे करून उभा असल्यामुळे जे दाराला लागू तेच त्याच्या अंगालाही लागू होतं, मग तो दारापासून फूटभर पुढे का असेना.

काकाजींनी घरी फोन लावला. थोरल्यानं टेप लावून सांगितलं: आतून आत रुंदी ३३ इंच, उंबरठ्यापासून वरच्या लाकडाच्या खालच्या कडेपर्यंत ७५ इंच. मी म्हटलं, तिरपंही मोज, दोन्हीकडून. कोपरा ते कोपरा दोन्ही तिरपी मापं सारखी आली तरच चौकट काटकोनात आहे. गवंडी पायव्याची आखणी तपासतो तसंच. जुन्या मातीच्या घरांत चौकट दीड-दोन इंच कललेली सापडते, आणि मग दुरुस्त फोटोत माणूसच कलतो. इथे फरक अर्ध्या इंचाच्या आत होता, चालतं.

आणखी एक गोष्ट पोरांना नेहमी सांगावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवू नका, `Document` म्हणून पाठवा. साधा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो. आपण डोक्याकडचा भाग मोठा करणार आहोत, आणि आधीच लहान झालेल्या चेहऱ्याला मोठं केलं की तो पुसट होतो.

प्रत्यक्ष काम

मी हे GIMP मध्ये करतो. फुकट आहे, आणि त्यात एक हत्यार नेमकं या कामाचं आहे: `Handle Transform`. ते `Tools > Transform Tools` मध्ये सापडतं, किंवा Shift+L दाबा. `Perspective` हत्यारही चालतं, पण त्यात फोटोचे कोपरे ओढावे लागतात आणि दार कुठे सरकतंय याचा अंदाज बांधत बसावं लागतं. `Handle Transform` मध्ये दाराचाच कोपरा पकडता येतो.

आधी `Layer > Duplicate Layer` करून मूळ फोटो खाली सुरक्षित ठेवतो. मग Shift+M नं मापाची पट्टी घेऊन चौकटीची वरची रुंदी, खालची रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये मोजतो. वर १११३, खाली १५२५, उंची २८६०. कागदावर लिहून ठेवतो, कारण नंतर मूळ आकडे हमखास लागतात.

आता लक्ष्य ठरवायचं. वर-खाली एकच रुंदी हवी. वरच्या आणि खालच्या रुंदीच्या मधली, सोयीची म्हणून १३०० धरली. दार ३३ रुंद आणि ७५ उंच, म्हणून १३०० गुणिले ७५ भागिले ३३, उत्तर २९५५. म्हणजे पूर्ण सरळ केलेल्या फोटोत चौकट १३०० रुंद आणि २९५५ उंच यायला हवी. या रेघा `Image > Guides > New Guide` मधून आखून घ्या, त्याशिवाय माउस हलतो.

मग Shift+L. दाराच्या चारही आतल्या कोपऱ्यांवर एकेक क्लिक करून चार खुंट्या ठोकायच्या. फोटो दोनशे टक्के मोठा करून क्लिक करा, कारण इथली दहा पिक्सेलची चूक पुढे पूर्ण फोटोभर पसरते. चौथी खुंटी लागली की एकेक ओढून तिच्या रेघेवर न्यायची. खालचे दोन कोपरे आत येतात, वरचे दोन बाहेर जातात आणि थोडे वरही. खुंटी चुकीच्या जागी पडली तर फोटो ओढत बसू नका. हत्याराच्या पर्यायांत `Move` निवडा, खुंटी नीट जागी बसवा, आणि पुन्हा `Add / Transform` वर या. `Clipping` मध्ये `Adjust` ठेवा, नाही तर वरचा भाग कापला जाईल. `Transform` दाबल्यावर `Image > Fit Canvas to Layers`.

हे झाल्यावर मी पाय पुन्हा मोजले. ४८ टक्के. डोकं १३ टक्के. माप तंतोतंत जुळलं, आणि काकाजींनी स्क्रीनकडे पाहून तोंड वाकडं केलं.

"भाऊ, हा तर कोनी दुसराच दिसून रायला."

पूर्ण सरळ केलं की चेहरा का लांबतो

त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि या कामातली अवघड जागा हीच आहे. पाय-धड बरोबर आलं, पण चेहरा दुधी भोपळ्यासारखा उभा ताणलेला. बहुतेक लोक इथे समजतात की आपलं काहीतरी चुकलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. चुकलेलं काही नसतं.

दार सपाट आहे. शर्टाची छाती, पँटची समोरची बाजूही बऱ्यापैकी सपाट आहे. डोकं मात्र नारळासारखं गोल आहे. गुडघ्याखालून पाहिल्यावर कॅमेऱ्याला चेहऱ्याबरोबर हनुवटीचा तळ आणि नाकपुड्याही दिसल्या. मूळ फोटोत हा जास्तीचा तळ आखडलेल्या भागात होता, म्हणून नजरेत आला नाही. आपण वरचा भाग ताणला तसा तोही ताणला गेला. कॅमेऱ्याच्या समोर सरळ नसलेली, नजरेपासून वर गेलेली गोल वस्तू सपाट पडद्यावर लांबटच पडते. या फोटोत माथ्याकडे ती सुमारे सव्वापट लांब होते.

जागा एकदा ठरली की फोटोत काय दिसलं आणि काय लपलं ते कायमचं ठरतं. फोन कलला होता, ते नंतर सरळ करता येतं. फोन खाली होता, ते कुठल्याही हत्यारानं वर येत नाही. हनुवटीचा तळ दिसला तो दिसला, आणि डोक्याचा वरचा भाग, भांग, जो दिसला नाही तो नाहीच.

म्हणून मी पूर्ण दुरुस्ती फक्त तपासणीसाठी करतो आणि मग Ctrl+Z. प्रत्यक्षात द्यायच्या फोटोत प्रत्येक कोपरा त्याच्या वाटेच्या पाऊण भागावर थांबवतो. पूर्ण दुरुस्तीत खालचा प्रत्येक कोपरा सुमारे ११२ पिक्सेल आत येत होता, तो ८५ वर थांबवला. वरचा प्रत्येक कोपरा ९४ बाहेर जात होता, तो ७० वर. उंची ९५ नं वाढत होती, ती ७० नं वाढवली. चौकट खाली १३५५ आणि वर १२५३ राहिली. किंचित झुकलेली आहे, पण खालून घेतलेल्या फोटोत एवढा झुकाव डोळ्याला अपेक्षितच असतो, उलट पूर्ण सरळ दार वर जाताना रुंदावल्यासारखं भासतं. पाय आता पन्नास टक्क्यांच्या आसपास, आणि चेहरा माणसाचा.

पाऊण हा काही नियम नाही. साडी किंवा लांब कुडता असेल तर पाय वेगळे दिसत नाहीत, तिथे अर्ध्यावरही भागतं आणि चेहरा जास्त चांगला राहतो. जीन्स-टीशर्ट असेल तर पाऊण लागतंच. त्यापुढे गेलो की दर वेळी घरचे म्हणतात, चेहरा बदलला.

डोक्याचा उरलेला लांबटपणा `Warp Transform` नं थोडा दाबता येतो, पण बायोडाट्याच्या फोटोत मी चेहऱ्याला हत्यार लावत नाही. दुसऱ्या फोटोतला चेहरा आणून बसवायलाही सांगतात लोक. नाही बसवत. पोरगी पाहायला जातात तिथे पोरगा स्वतः जाणार आहे, फोटो नाही.

खालचा भाग आत आल्यामुळे फोटोच्या तळाशी दोन्ही बाजूंना रिकामे त्रिकोण उरतात, या फोटोत प्रत्येकी पावणेदोनशे-दोनशे पिक्सेल. ते भरत बसू नका, कापून टाका. फक्त फोटो काढतानाच बाजूंना जागा सोडलेली असली पाहिजे. पोरानं हात कमरेवर ठेवून कोपर कडेला टेकवलं असेल तर कापता येत नाही, मग ओट्याची फरशी `Clone` नं ओढून भरावी लागते आणि त्यात अर्धा तास जातो.

मागे दारच नसेल तर

कपाशीत उभं राहून फोटो काढण्याची हौस पुष्कळांना असते. तिथे ना चौकट, ना खांब. अशा वेळी माणसाचंच माप घ्या: पूर्ण उंची आणि जांघेपासून तळव्यापर्यंतची लांबी, दोन्ही बूट घालून. ३१ आणि ६५ असे आकडे मिळाले की भागाकार करून ४८ टक्के हाती येतं. मग मोबाइलवर Snapseed उघडा, `Perspective` मध्ये `Tilt` घ्या, बोट उभं सरकवत वरचा भाग हळूहळू रुंद करा, आणि पट्टीनं स्क्रीनवरच पाय आणि उंची मोजून भागाकार पाहा. ५० च्या जवळ आलं की थांबा. दारावरून जेवढी खात्री मिळते तेवढी यात नाही, कारण पँट सैल असेल तर जांघ नेमकी कुठे ते फोटोत कळत नाही, पण नुसत्या नजरेपेक्षा हे कितीतरी बरं.

बाजूनं, म्हणजे दाराच्या तिरप्या दिशेनं फोटो काढला असेल तर एक सावधगिरी. तिथे चौकटीचे वरचे-खालचे आडवे लाकूडही तिरपे दिसतात. ते बळजबरीनं आडवे करू नका, नाही तर माणसाचा एक खांदा रुंद होईल. फक्त उभ्या कडा समांतरकडे न्या आणि आडवं तिरपं तसंच राहू द्या.

पुन्हा काढणं शक्य असेल तर

तर पुन्हाच काढा. मी काकाजींना हेच सांगितलं, आणि फोटो काढण्याच्या चारशे सूचना न देता दोनच दिल्या: मागे सरका आणि फोन ताठ धरा. पाच फुटांऐवजी तेरा फुटांवरून, अगदी त्याच लहान्यानं, त्याच उंचीवरून काढला तरी माणूस मधोमध आणायला फोन फक्त सहा अंश कलवावा लागतो आणि पाय ४८ चे ४९ टक्के येतात. एक टक्का कुणालाच दिसत नाही. तेरा फुटांवरून माणूस लहान दिसतो म्हणून पुन्हा पुढे यायचा मोह होतो, तिथे दुप्पट झूम करायचं. त्यात रिझोल्यूशन कमी होईल, पण चार बाय सहाच्या प्रिंटला भरपूर उरतं. ०.५ च्या रुंद भिंगाला मात्र हात लावू नका. ते लोकांना "फुल फोटो" सोपा करून देतं आणि बूट फोटोच्या तळाच्या कडेला नेऊन लांबवतं.

ओट्यावरून खाली उतरून अंगणात उभं राहिलं तर दोन फूट आपोआप वाचतात. फोन समोरच्याच्या बेंबीच्या उंचीवर, फोनची पाठ भिंतीसारखी सरळ. ढिगामुळे तेरा फूट मिळत नसतील तर घराच्या बाजूची भिंत पाहा.

काकाजींनी सगळं ऐकून घेतलं, पाऊण दुरुस्तीचा फोटो मोबाइलवर घेतला, आणि शेजारी ठेवलेला मूळ फोटो परत एकदा पाहिला.

"मंग हा पयला राहू द्या का? यात पोरगा उंच दिसते."

मी म्हटलं, बायोडाट्यात उंची पाच-पाच लिहिली आहे ना काकाजी, आणि मागे चौकट आहे, मुलीकडचा एखादा सुतार निघाला तर? ते हसले, अन् दुरुस्त फोटोच्या पाच प्रती काढायला सांगितल्या. पऱ्हाटीचा ढीग पुढच्या आठवड्यात हलणार आहे, तेव्हा लहान्याला घेऊन पुन्हा काढतो म्हणाले.